लोखंडाचं वजन बदलत नाही

भोसरीत फॅब्रिकेशनचा एक कारखाना आहे असं धरा. ऑफिसात साठेक माणसं, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक सामाईक एस ड्राइव्ह. एका शुक्रवारी संध्याकाळी आयटी प्रमुखांचा मेल येतो: सर्व्हरवर जागा उरलेली नाही, 1 एप्रिल 2021 नंतर ज्यांत बदल झालेला नाही अशा सगळ्या फाइली 30 एप्रिलनंतर डिलीट केल्या जातील, हवं ते आधी काढून घ्यावं. निम्मे लोक मेल वाचत नाहीत. उरलेल्यांतले काही जण सोमवारी पेन ड्राइव्ह घेऊन येतात.

आयटी प्रमुखांची बाजू आधी ऐकू. सर्व्हर भरत आला की रोज रात्रीचा बॅकअप लांबत जातो आणि सकाळी लोक कामावर आले तरी संपत नाही. शिवाय एस ड्राइव्हवर 2012 सालच्या सहलीचे फोटो, एकाच ड्रॉइंगच्या ‘फायनल’, ‘फायनल 2’ आणि ‘फायनल नक्की’ अशा प्रती, मुलाखतीला येऊन गेलेल्या उमेदवारांचे बायोडेटा आणि आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन पडलेले असतात. यातलं शेवटचं नुसतं अडगळीत मोडत नाही. काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने जपायला सांगितलेलं नसलं की लोकांची वैयक्तिक माहिती पुसावी, असं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाच सांगतो. तेव्हा साफसफाई हवीच. घोळ होतो तो जुनं काय हे ठरवताना.

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलीवर तीन तारखा असतात: फाइल तयार झाल्याची, शेवटच्या बदलाची आणि शेवटची उघडल्याची. आपल्याला खरी हवी ती तिसरी, पण तिच्यावरच भिस्त ठेवता येत नाही. व्हिस्टापासून विंडोज ही तारीख सहसा टिपतच नव्हती, कारण प्रत्येक वेळी ती लिहिण्यात डिस्कचा वेळ जातो. आणि जिथे ती टिपली जाते, तिथे अँटिव्हायरसने फाइल तपासली तरी बदलू शकते. पहिली तारीखही फसवी: फाइली नव्या सर्व्हरवर नेहमीच्या पद्धतीने कॉपी केल्या की सगळ्या त्याच दिवशी जन्मल्यासारख्या दिसतात. राहिली मधली, म्हणजे Date modified. कॉपी झाली तरी ती सहसा टिकते, म्हणून आयटीवाले तीच धरतात.

आता आपल्या कारखान्यातली एक एक्सेल फाइल बघा. 2014 साली एस्टिमेशनच्या एका इंजिनिअरने बनवलेली. तीत गोल सळ्यांचा व्यास आणि मीटरमागे वजन एवढंच आहे: 12 मिलिमीटरला सुमारे 0.89 किलो, 25 मिलिमीटरला 3.85 किलो. तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नाही, कारण लोखंडाचं वजन बदलत नाही. पण रोज निघणारं प्रत्येक कोटेशन सूत्रातून याच फाइलीतले आकडे उचलतं. बदलाच्या तारखेने पाहिलं तर ती ड्राइव्हवरच्या सर्वांत मृत फाइलींपैकी एक ठरते. प्रत्यक्षात सगळं ऑफिस तिच्या जिवावर चालतं. बनवणारा इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून गेलाय, त्यामुळे तिच्या वतीने बोलणारंही कोणी नाही.

30 एप्रिलनंतर ती गेली, तर 1 मेला काहीच होत नाही. खरा धोका हाच. एक्सेल दुसऱ्या फाइलीतून वाचलेले आकडे आपल्यापाशी साठवून ठेवतं. जुनी कोटेशनं उघडतात, लिंक अपडेट करायची का असं विचारतात, लोक सवयीने ‘नको’ म्हणतात आणि आकडे बरोबरच दिसतात. कोणीतरी नवीन शीट करून नवं सूत्र घालतं, किंवा तक्त्यात नव्या मापाची सळई टाकायला जातं, तेव्हा कळतं की फाइलच नाही. तोवर चार-सहा महिने उलटून गेलेले असतात.

मग शोधाशोध. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून पुसलेली फाइल आपल्या कॉम्प्युटरच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. राहतो बॅकअप. पण बॅकअपही कायमचा नसतो. समजा कंपनी तो 90 दिवस ठेवत असेल, तर ऑगस्टमध्ये एप्रिलची फाइल मागणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बोनसचा हिशेब, वार्षिक ऑडिट, स्टॉक मोजणी या कामांच्या फाइली तर वर्षातून एकदाच उघडतात. म्हणून माझ्या मते मेलमधल्या शेवटच्या तारखेपेक्षा, पुसल्यावर फाइल किती दिवस परत मिळेल हा आकडा महत्त्वाचा. आणि नेमका तोच मेलमध्ये नसतो.

दुसरी अडचण कायद्याची. ‘पाच वर्षं’ हा आकडा गोल आणि सोयीचा आहे, पण जीएसटीचा हिशेब वेगळा चालतो. कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायची असतात. एप्रिल 2021 मधलं एक बिल घ्या. ते 2021-22 या वर्षातलं, त्या वर्षाच्या विवरणपत्राची अंतिम तारीख 31 डिसेंबर 2022, म्हणजे ते बिल डिसेंबर 2028 संपेपर्यंत हवं. अपील चालू असेल तर मुदत आणखी लांबू शकते. कंपनी कायद्याने तर हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवायच्या असतात. तेव्हा अकाउंट्सचा फोल्डर तारखेच्या नियमातून सरसकट बाहेर काढणं हेच शहाणपणाचं.

जाणता आयटी प्रमुख थेट पुसत नाही. आधी तो नुसती यादी काढतो:

```
robocopy S:\ H:\Hold /E /MOV /MINAGE:20210401 /L /LOG:C:\list.txt
```

यातलं `/L` म्हणजे हात लावू नकोस, फक्त काय हलवशील ते लिहून दे. ती यादी विभागवार फोडून प्रत्येक विभागप्रमुखाला दिली की ‘अहो, ही सळ्यांची फाइल कशी यात?’ असा फोन येतो, आणि तो फोन यावा यासाठीच तर हा खटाटोप. मग `/L` काढून फाइली दुसऱ्या, स्वस्त डिस्कवर हलवल्या जातात. तिथे त्या कोणाला दिसत नाहीत, पण मागितल्या तर मिळतात. हा काळ मी किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष धरेन, म्हणजे वर्षातून एकदा लागणारी प्रत्येक फाइल एकदा तरी आठवून जाते. खरं डिलीट त्यानंतर.

कर्मचाऱ्यांचे उपाय मात्र बहुधा उलटतात. काही जण सगळ्या फाइली एकेक उघडून सेव्ह करतात, म्हणजे तारीख ताजी होते आणि कचऱ्यासकट सगळं वाचतं. काही जण पूर्ण फोल्डर डेस्कटॉपवर ओढतात. तिथे सर्व्हरचा बॅकअप पोचत नाही, लॅपटॉप गेला की फाइलही गेली. पेन ड्राइव्हवर गेलेले आधारचे स्कॅन कुठे फिरतील ते तर सांगताच येत नाही.

असा मेल आलाच, तर आपल्या विभागाचा फोल्डर Date modified ने लावा आणि सर्वांत जुन्या फाइलींपासून वर या. रोजच्या एक्सेल शीटमध्ये Data मेन्यूतल्या Edit Links वर (नव्या आवृत्तीत Workbook Links) क्लिक केलं की ती कोणकोणत्या फाइलींवर टेकून आहे ते दिसतं. तिथे काही नसेल, तर तो पर्याय करडा दिसतो. मग आयटी प्रमुखांना मेलवरच लेखी उत्तर पाठवा, तोंडी नको: ‘साहेब, S:\Estimation\Master हा पूर्ण फोल्डर वगळावा, रोजची कोटेशनं यावर चालतात. S:\Estimation\Photos 2012 खुशाल काढा. आणि हलवलेली फाइल किती महिने परत मिळेल, तेवढं कळवा.’