मंदी जाहीर होण्याआधीच

१ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेतल्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’ या संस्थेच्या समितीनं जाहीर केलं, की देशात मंदी सुरू झाली आहे. कधीपासून? तर डिसेंबर २००७ पासून. निदान व्हायला वर्ष गेलं होतं. तोवर बेकारीचा दर पाच टक्क्यांवरून पावणेसातच्या आसपास गेला होता आणि ‘लेहमन ब्रदर्स’ बुडून अडीच महिने झाले होते. यात समितीला दोष देण्यात अर्थ नाही. उत्पादनाचे आणि रोजगाराचे आकडे उशिरा येतात, आलेले पुढं दुरुस्त होतात, आणि दोन-तीन महिन्यांची घसरण ही मंदी आहे की नुसता हेलकावा, हे त्या वेळी छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

निदान झालं तरी औषध लगेच मिळत नाही. २००८च्या सुरुवातीला बुश सरकारनं करपरताव्याचे धनादेश वाटले होते, पण मोठं पॅकेज यायला ओबामा सत्तेवर यावे लागले. ७८,७०० कोटी डॉलरच्या त्या कायद्यावर सही झाली १७ फेब्रुवारी २००९ला, आणि मंदी अधिकृतपणे संपली त्याच वर्षी जूनमध्ये. पॅकेजमधले रस्ते-पूल तर त्यानंतर बरेच महिने बांधून होत होते.

मग मधल्या काळात अर्थव्यवस्थेला टेकू कुणी दिला? बऱ्याच अंशी अशा कायद्यांनी, जे कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेले होते. त्यांना अर्थशास्त्रात ‘स्वयंचलित स्थिरक’ म्हणतात. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक पाण्याची पातळी उतरली की आपणहून उघडतो, तसंच हे. उत्पन्न घसरलं की सरकार कर कमी घेतं आणि मदत जास्त देतं. त्यासाठी नवा निर्णय लागत नाही. यातले दोन ठळक: टप्प्याटप्प्यानं चढत जाणारा प्राप्तिकर आणि बेकारी भत्ता.

आधी कर. २००८ साली वर्षाला ६०,००० डॉलर कमावणारा एक अविवाहित अमेरिकन कामगार घेऊ. प्रमाणित वजावट आणि वैयक्तिक सूट मिळून ८,९५० डॉलर वगळले, की ५१,०५० डॉलरवर कर लागतो. पहिल्या ८,०२५ डॉलरवर १० टक्के, तिथून ३२,५५० पर्यंत १५ टक्के आणि उरलेल्यावर २५ टक्के. केंद्राचा प्राप्तिकर होतो सुमारे ९,१०६ डॉलर. आता ओव्हरटाइम बंद झाला, पाळ्या कमी झाल्या आणि त्याची कमाई ४०,००० वर आली. नवा कर भरतो सुमारे ४,२५६ डॉलर. कमाई एक तृतीयांशानं घटली, पण कर निम्म्याहून जास्त घटला, कारण २५ टक्क्यांचा टप्पा पूर्णच सुटला. गेलेल्या २०,००० डॉलरपैकी ४,८५० डॉलरचा भार सरकारनं उचलला. त्यातला बराचसा वेळेवर पोचतो, कारण पगार कमी झाला की त्याच पगारातून कापला जाणारा करही कमी होतो. तेजीत हेच चक्र उलटं फिरतं: वाढत्या कमाईतला मोठा वाटा सरकारकडे जातो आणि खर्चाच्या उधाणाला थोडा लगाम बसतो.

कंपन्यांच्या करात हा चढउतार आणखी मोठा असतो, कारण मंदीत विक्रीपेक्षा नफा कितीतरी वेगानं आटतो. अमेरिकेचा कंपनीकर २००७ या आर्थिक वर्षात ३७,००० कोटी डॉलर होता. २००९मध्ये तो १४,००० कोटींच्या खाली आला. त्यात करसवलतींचा भाग होता, पण मुख्य कारण नफ्याची पडझड हेच.

दुसरा स्थिरक बेकारी भत्ता. अमेरिकेत तो १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं आला. मालकानं काढून टाकलेल्या कामगाराला आधीच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम, ठरलेल्या कमाल मर्यादेत, बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळते. त्याचा जोर दोन गोष्टींत आहे. पैसा नेमका ज्याची कमाई थांबली त्याच्याकडे जातो, आणि त्याला तो साठवून ठेवणं परवडत नाही. घरभाडं, किराणा, पेट्रोल यांवर तो त्याच आठवड्यात खर्च होतो. त्यामुळे त्याच्या गल्लीतल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक टिकतं आणि तिथल्या नोकराची नोकरी जायची टळते.

युरोप आणि अमेरिका यांची तुलना डोल्स, फ्युस्ट आणि पाइख्ल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. बेकारीमुळे बुडालेल्या उत्पन्नाचा किती हिस्सा कर आणि भत्ते मिळून आपोआप भरून काढतात? युरोपीय संघात ४७ टक्के, अमेरिकेत ३४. म्हणूनच अमेरिकेला मंदीत वेगळी पॅकेजं जास्त लागतात. यातून दुसरी बाजूही कळते: उत्तम स्थिरकसुद्धा निम्माच धक्का झेलतो. तो घसरण थांबवत नाही, तिचा उतार सौम्य करतो.

आणि तो बिघडूही शकतो. अमेरिकेत बेकारी भत्ता राज्यं चालवतात. फ्लोरिडानं २०११मध्ये कायदा बदलून भत्त्याचे आठवडे कमी केले. बेकारी कमी असताना ते जेमतेम १२ उरतात. कमाल भत्ता होता आठवड्याला २७५ डॉलर. २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडनं लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा राज्याची वेबसाइट कोलमडली आणि हायलिया शहरात कागदी अर्ज मिळवण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. कायदा कागदावर होता, पण अर्ज आत जातच नसेल तर ‘आपोआप’ काही घडत नाही. शिवाय जवळपास सगळ्याच राज्यांना अंदाजपत्रकाचा ताळेबंद जुळवावा लागतो. महसूल घटला की ती शिक्षक आणि कर्मचारी कमी करतात, म्हणजे केंद्र जे सावरतं ते राज्यं थोडंफार उसवतात.

भारतात हे दोन्ही स्थिरक तोकडे पडतात. प्राप्तिकर भरणारे थोडे, आणि कामगार विमा महामंडळाची बेकारी भत्त्याची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ फक्त विमाधारक कामगारांपुरती. शेतमजूर आणि नाक्यावरचा मजूर त्यात बसत नाही. त्याच्यासाठी वेगळा स्थिरक महाराष्ट्रानंच घडवला. १९७२च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचं रूप मिळालं. मागेल त्याला काम, तेही पंधरा दिवसांत. आणि त्यासाठीचा पैसा शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून. पाऊस दगा देतो तेव्हा मजूर कामावर जास्त येतात, पीक बरं असतं तेव्हा आपणच कमी होतात. देशभर लागू झालेल्या मनरेगातही हेच दिसलं: २०१९-२० मध्ये सुमारे २६५ कोटी मनुष्यदिवस काम झालं, तर कोविडच्या २०२०-२१ मध्ये ३८९ कोटी.

मात्र अशी योजना स्थिरक ठरते ती एकाच अटीवर. मागणी वाढली की निधीही वाढला पाहिजे. खर्चाला वर्षाच्या सुरुवातीलाच मर्यादा घातली किंवा मजुरी महिनोन्‌महिने थकवली, तर काम मागणारे वाढतात, पण त्यांच्या हातात पैसा वेळेवर पडत नाही, आणि गावातल्या दुकानाची उधारी तशीच राहते. म्हणून कुठलीही मदत योजना तपासताना एक प्रश्न विचारून पाहावा: उद्या संकट आलं, तर पैसा वाढवायला कुणाची नवी सही लागेल का? लागत असेल, तर ती योजना चांगली असेलही, पण मंदी आली आहे हे आधी कुणीतरी ओळखेपर्यंत ती थांबून राहणार.