मुख्याध्यापकांना लिहिलेले दुसरे पत्र

पहिले पत्र दोन पानांचे होते. लिनक्स म्हणजे काय, त्याला परवाना का विकत घ्यावा लागत नाही, व्हायरसचा त्रास का कमी, सगळे त्यात होते. सरांनी ते वाचून चष्मा काढला आणि विचारले, "सहामाहीची प्रश्नपत्रिका यात उघडेल का?" मला उत्तर देता आले नाही.

अडचण खरी होती. आमच्या लॅबमध्ये २० कॉम्प्युटर, सगळे चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, ४ जीबी रॅमचे. त्यांवरच्या विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत सुरक्षा अपडेट मिळणे थांबले. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणजे आमची यंत्रे दारातूनच परत. नवे २० कॉम्प्युटर घेण्याइतके पैसे शाळेकडे नाहीत.

दुसरे पत्र लिहिण्याआधी मी एक रविवार लॅबमध्ये काढला. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू केला. याला 'लाइव्ह' चालवणे म्हणतात. हार्ड डिस्कवर काहीही बदलत नाही. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला की जुने विंडोज जसेच्या तसे. पडदा, आवाज, इंटरनेट चालले. यूडायस प्लसची माहिती ब्राउझरमध्येच भरायची असल्याने ते संकेतस्थळही उघडले. मग प्रश्नपत्रिकेची फाइल उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांचा काला आला.

दोष लिनक्सचा नव्हता. शाळेच्या जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यात फाइलच्या पोटात मराठी अक्षर नसतेच, इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक असतो. फॉन्ट फक्त त्याला मराठी आकाराचा अंगरखा घालतो. तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर, अगदी विंडोजवरही, अंगरखा उतरतो. युनिकोडमध्ये मात्र 'क'चा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ती फाइल कुठेही वाचता येते. मुलांना युनिकोडमध्ये टाइप करायला इनस्क्रिप्ट मांडणी लिनक्समध्ये आयतीच मिळते: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. 'प्र' हवा तर h, d, j या कळा ओळीने दाबायच्या: प, हलन्त, र.

दुसरा घोळ प्रिंटरचा. `lsusb` ही आज्ञा दिल्यावर यादीत त्याचे नाव दिसले, म्हणून मी खूश झालो. पण यादीत नाव येणे म्हणजे केबल जोडलेली आहे, एवढेच. कागद काही निघाला नाही. काही स्वस्त लेझर प्रिंटर पानाची जुळणी स्वतः करत नाहीत, ते काम कॉम्प्युटरवर सोपवतात आणि त्यासाठी कंपनीचा खास ड्रायव्हर लागतो. तो लिनक्ससाठी मिळतो की नाही, हे मॉडेलवर अवलंबून. चाचणीचे पान छापून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

म्हणून दुसरे पत्र एका पानात बसले. त्यातला मुख्य भाग असा:

"महोदय, लॅबमधील २० पैकी आधी ५ कॉम्प्युटरवर लिनक्स घालण्याची परवानगी मिळावी. त्यापूर्वी या पाचांच्या डिस्कची पूर्ण प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेईन, म्हणजे नको वाटल्यास परत फिरता येईल. विद्यार्थ्यांच्या खात्याला नवे सॉफ्टवेअर घालण्याचा अधिकार राहणार नाही. कार्यालयातील कॉम्प्युटर व प्रिंटर आहेत तसेच राहतील. जुन्या प्रश्नपत्रिका तेथेच उघडून पीडीएफ कराव्यात. नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये टाइप करण्यास मी शिक्षकांना शिकवीन. एक गोष्ट आधीच सांगतो: लिनक्स घातल्याने जुनी हार्ड डिस्क वेगवान होणार नाही, कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागेलच. त्यासाठी पुढच्या वर्षी एसएसडीचा विचार व्हावा."

फुकट हा शब्द मी पत्रातून मुद्दाम गाळला. पहिल्या पत्रात तो सहा वेळा होता, आणि सरांना त्यात काहीतरी लपवल्याचा वास आला असावा. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे लिनक्स चालते, एवढे एक वाक्य मात्र ठेवले.

पत्र तिसऱ्या दिवशी परत आले. समासात लाल शाईचा शेरा होता: "मंजूर. कार्यालयाच्या कॉम्प्युटरला हात लावू नये."