थोरल्याने सोडलं, धाकट्याने घेतलं

तीन भावांचं हार्डवेअरचं दुकान आहे असं समजा. नफ्याची वाटणी 5:3:2. थोरल्याला आता रोज गल्ल्यावर बसवत नाही, म्हणून यापुढे तिघांनी सारखा नफा घ्यायचं ठरतं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण थोरल्याने नक्की किती सोडलं?

जुन्या हिश्शातून नवा वजा करा. थोरल्याचा 5/10 होता, आता 1/3. म्हणजे 5/30 गेला; हा त्याचा त्याग. मधल्याला वाटतं, ‘माझं तर होतं तेवढंच आहे.’ तसं नाही. 3/10 वरून 1/3 होताना त्याला 1/30 लाभ झाला आणि धाकट्याला 4/30. लाभाचं प्रमाण 1:4. त्याग आणि लाभ यांची बेरीज जुळली नाही, तर अपूर्णांकात चूक आहे. (0.33 धरून हिशेब केला की हमखास होते.)

आता पैशांचं. दुकानाची ख्याती 3 लाखांची ठरली, तर थोरल्याला तिचा 5/30 म्हणजे 50,000 रुपये मिळायला हवेत. मधला 10,000 देईल, धाकटा 40,000. दोघांकडून पंचवीस-पंचवीस हजार घेणं सोयीचं, पण मधल्यावर उघड अन्याय. रोख द्यायलाच हवी असं नाही. लाभ घेणाऱ्यांची भांडवल खाती नावे आणि थोरल्याचं जमा केलं की पुरतं.

पुस्तकात पडून असलेली राखीव निधीची रक्कम मात्र जुन्या कमाईची आहे. ती वाटायची झाली, तर 5:3:2 नेच.