आधी पारदर्शक, मग पांढरं

मधुमेहाच्या काही रुग्णांना एकाच वेळी दोन प्रकारचं इन्सुलिन घ्यावं लागतं. एक असतं पाण्यासारखं नितळ. त्याला रेग्युलर किंवा साधं इन्सुलिन म्हणतात. ते अर्ध्या तासात कामाला लागतं आणि समोरच्या जेवणाची साखर आवरतं. दुसरं दुधाळ पांढरं, म्हणजे एनपीएच. ते हळूहळू रक्तात उतरतं आणि बराच वेळ पुरतं. दोन सुया टोचून घेण्यापेक्षा ही दोन्ही एकाच सिरिंजमध्ये घेता येतात, पण क्रम पाळावा लागतो.

समजा डॉक्टरांनी सकाळसाठी ६ युनिट पारदर्शक आणि १४ युनिट पांढरं असं लिहून दिलं आहे. हात धुऊन पांढरी बाटली दोन्ही तळहातांमध्ये सावकाश दहा-वीस वेळा फिरवावी. जोरात हलवली की फेस येतो आणि माप चुकतं. फिरवूनही गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटून राहिले, तर ती बाटली वापरू नये. मग दोन्ही बाटल्यांची रबरी बुचं स्पिरिटने पुसून वाळू द्यावीत.

आता सिरिंजमध्ये १४ युनिट हवा ओढून ती पांढऱ्या बाटलीत सोडायची. सुई औषधाला लागू द्यायची नाही आणि काही न ओढता बाहेर काढायची. त्यानंतर ६ युनिट हवा पारदर्शक बाटलीत सोडून, बाटली उलटी धरून ६ युनिट औषध ओढायचं. बुडबुडे दिसले तर टिचकी मारून ते आत्ताच घालवायचे, कारण नंतर ती सोय नाही. शेवटी पांढरी बाटली उलटी धरून दट्ट्या बरोबर २० च्या रेषेपर्यंत मागे घ्यायचा. ६ आणि १४ मिळून २०. इथे हात पुढे सरकून २२ झाले, तर जादाचे दोन युनिट बाटलीत परत ढकलायचे नाहीत. तोवर दोन्ही औषधं मिसळलेली असतात, त्यामुळे परत काय गेलं आणि सिरिंजमध्ये काय उरलं हे कळत नाही. सगळं टाकून द्यावं आणि नव्या सिरिंजने पुन्हा सुरुवात करावी.

पांढरं आधी का चालत नाही? त्यात प्रोटामाइन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्यामुळेच ते इन्सुलिन सावकाश विरघळतं. पांढऱ्याने माखलेली सुई पारदर्शक बाटलीत गेली की प्रोटामाइनही तिथे जातं आणि त्या बाटलीतल्या इन्सुलिनला मंद करू लागतं. असं रोज होत राहिलं तर जेवणानंतरची साखर वाढलेली दिसते आणि कारण सापडत नाही. पारदर्शक बाटली जरा जरी गढूळ दिसली, तरी ती बाद समजावी.

आकड्यांची अदलाबदल याहून घातक असते. वरच्या उदाहरणात ६ पांढरं आणि १४ पारदर्शक गेलं, तर बेरीज २० च राहते, सिरिंजही तशीच दिसते, पण जलद काम करणारं औषध दुपटीहून जास्त जातं. तासा-दोन तासांत घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि डॉक्टरांना कळवावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं.

तिसरी चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, तर पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चं औषध ४० च्या सिरिंजने तेवढंच ओढलं, तर तब्बल ५० युनिट जातात. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते पाहा.

आणखी एक सावधगिरी. पारदर्शक दिसणारं प्रत्येक इन्सुलिन मिसळण्याजोगं नसतं. ग्लार्जिन नितळ असूनही आम्लधर्मी असतं, ते कशातही मिसळायचं नाही. ३०/७० ची बाटली आधीच मिश्रण असते, तिच्यातही काही घालू नये.

घरच्या फ्रिजवर एक कागद चिकटवा: पारदर्शक ६, पांढरं १४, एकूण २०, सिरिंज ४० ची. आकडे अर्थातच तुमच्या डॉक्टरांनी दिलेले. आणि पहिल्या काही वेळा नर्स किंवा डॉक्टरांच्या समोर स्वतः भरून दाखवा.