ताई, आधी हे पाकीट दुकानात ठेवून बघा

‘डिझाइन छान झालंय. फक्त लोगो जरा मोठा करा आणि रंग अजून भरा. रिकामं रिकामं वाटतंय.’

पॅकेजिंगचं काम करणाऱ्या डिझायनरला हा निरोप नवा नसतो. त्यावर दोन उत्तरं लगेच सुचतात. एक म्हणजे ‘हो, करतो’ म्हणून मोकळं व्हायचं. दुसरं म्हणजे मोकळ्या जागेचं सौंदर्य या विषयावर ग्राहकाची शिकवणी घ्यायची. पहिल्यात पाकीट बिघडतं आणि दुसऱ्यात माणूस दुखावतो. तिसरं उत्तर लिहायला अर्धा तास जास्त लागतो, पण खरं काम त्यातच होतं.

उदाहरण म्हणून घरगुती मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंचं पाकीट घेऊ. त्यांच्याकडे गोडा, कांदा-लसूण आणि मालवणी असे तीन मसाले आहेत. पाऊच 13 सेंटिमीटर रुंद आणि 19 सेंटिमीटर उंच आहे. लोगो 5 सेंटिमीटर रुंद आणि 3 सेंटिमीटर उंच. डिझाइन त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच असतो. मोबाइलचा पडदा जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद. त्यात पाकीट निम्म्या आकाराचं दिसतं आणि लोगो अडीच सेंटिमीटरचा होतो. ताईंना तो बारीक वाटला, कारण त्यांनी पाहिला तो खरंच बारीक होता. त्यांचं निरीक्षण चुकलेलं नाही, फक्त त्यांच्या हातात पाकीट नव्हतं, फोन होता.

म्हणून उत्तर साधारण असं जातं:

‘ताई, नमस्कार. पाकीट दुकानात चटकन नजरेत भरायला हवं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. मोबाइलवर ते निम्म्या मापाचं दिसतं, म्हणून खऱ्या मापाच्या दोन प्रिंट कुरिअरने पाठवल्या आहेत. “अ”मध्ये तुम्ही सांगितल्याप्रमाणे लोगो दीडपट केलाय. “आ”मध्ये लोगोचं माप तेच आहे, पण मागे हस्तिदंती पट्टा दिलाय आणि शेजारची वेलबुट्टी काढलीय. दोन्ही कापून भरलेल्या पाकिटांवर चिकटवा, नेहमीच्या दुकानात इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवा आणि सात-आठ फुटांवरून बघा. जमलं तर फोटो काढून पाठवा. रंगांबद्दल एक विचारायचं होतं: तिन्ही मसाल्यांची पाकिटं एकमेकांपासून वेगळी ओळखू यायला हवीत, की प्रत्येक पाकीट रंगीबेरंगी दिसायला हवं? पहिलं हवं असेल तर एका मसाल्याला एकच मुख्य रंग ठेवू. परवा फोन करतो.’

या पत्रात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही आणि तो मुद्दाम टाळलेला आहे. पण फक्त गोड बोलून भागत नाही. ‘अ’ प्रिंट खरोखर पाठवावी लागते आणि तीही नीट करून. आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून ग्राहकाची सूचना वाईट करून दाखवणारे डिझायनर असतात. ती लबाडी आहे आणि ती लगेच ओळखू येते.

आता ‘अ’मध्ये काय होतं ते बघा. लोगो दीडपट झाला की तो साडेसात बाय साडेचार होतो. ऐकायला वाढ थोडी वाटते, पण क्षेत्रफळ 15 चौरस सेंटिमीटरवरून जवळपास 34 वर जातं, म्हणजे दुपटीहून जास्त. ही जागा कुणाकडून तरी घ्यावी लागते. पाऊचच्या वरची पट्टी सीलमध्ये जाते, खालचा भाग दुकानातल्या फळीच्या कडेमागे लपतो. राहता राहिलं मसाल्याचं नाव, तेच आक्रसतं. दुकानात आलेली बाई आधी ‘गोडा’ शोधते, कंपनीचं नाव नंतर वाचते. शिवाय शाकाहाराची हिरवी खूण दर्शनी बाजूला, नावाच्या जवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर असणं नियमानं बंधनकारक आहे. तिलाही जागा लागते.

‘आ’मध्ये लोगोला काहीच केलेलं नाही, त्याच्या शेजाऱ्यांना हलवलंय. गडद तपकिरीवर मरून लोगो लांबून विरघळून जातो, तोच हस्तिदंतीवर ठसठशीत दिसतो. बऱ्याचदा ग्राहकाच्या तोंडी ‘मोठा’ असतं, पण त्याला हवा असतो तो उठाव. नेमकं काय हवंय ते फळीवरच्या फोटोत कळतं. फोटो डोळे किलकिले करून पाहिला आणि लोगोची जागा सापडली नाही, तर अडचण रंगांतल्या फरकाची आहे. जागा सापडली पण अक्षरं लागली नाहीत, तर ताईंचं बरोबर आहे, लोगो मोठा करायला हवा. देवनागरी लोगोत हे अनेकदा घडतं. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे तीन सेंटिमीटर उंचीतलं मूळ अक्षर पावणेदोन सेंटिमीटरचंच उरतं. अशा वेळी निमूटपणे माप वाढवावं.

रंगांच्या बाबतीत डिझायनर मंडळी हमखास एक थाप मारतात: ‘रंग वाढले की खर्च वाढतो.’ ते अर्धंच खरं आहे. असे पाऊच मोठ्या संख्येनं छापायचे तर बहुधा रोटोग्रॅव्हर पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक शाईला एक कोरलेला सिलिंडर लागतो. निळा, किरमिजी, पिवळा, काळा हे चार, आणि पारदर्शक फिल्मवर मागून पांढरा, असे पाच. या चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून हिरवा, नारिंगी, जांभळा असे हवे तितके रंग मिळतात. त्यांना जादा सिलिंडर लागत नाही. खर्च वाढतो तो ताईंचा ठरावीक मरून वेगळ्या शाईत हवा असेल तर, कारण मग सहावा सिलिंडर आला.

खरी अडचण निराळी असते. किरमिजी आणि पिवळा मिळून लाल होतो. वेगात धावणाऱ्या फिल्मवर एक रंग केसभर सरकला, की छापखान्याच्या भाषेत रजिस्टर हललं, आणि लाल अक्षरांना पिवळी कड दिसू लागते. मोठ्या ठशात ते खपून जातं. वजन, किंमत, घटक पदार्थ अशा बारीक अक्षरांत मात्र वाचणं मुश्कील होतं. तेव्हा मिश्र रंग चित्रात हवे तेवढे भरावेत, पण बारीक मजकूर एकाच शाईत ठेवावा, शक्यतो काळ्या.

शिवाय तीन पाकिटांचा प्रश्न आहेच. गोडा तपकिरी, कांदा-लसूण लाल, मालवणी केशरी असं ठेवलं तर दुकानदार न वाचताही बरोबर पाकीट काढून देतो. प्रत्येकावर तिन्ही रंग भरले की ही सोय गेली. हे ताईंना सांगायला सिद्धांत लागत नाही. तिन्ही पाकिटं शेजारी ठेवून ‘मालवणी द्या’ म्हटलं की पुरतं.

एवढं करूनही ताईंना ‘अ’च आवडलं तर? मग ‘अ’ करावं. पाकीट त्यांचं आहे आणि त्यांचे गिऱ्हाईक त्या रोज बघतात. फक्त लोगोसाठी मसाल्याचं नाव किती लहान झालं, ते आकड्यात लिहून कळवावं आणि खऱ्या मापाच्या प्रूफवर त्यांची सही घ्यावी, मोबाइलवरच्या अंगठ्यावर भागवू नये. एकदा सिलिंडर कोरून झाले की लोगो दोन मिलिमीटर हलवायचा म्हटलं तरी लोगो ज्या ज्या सिलिंडरवर आहे ते सगळे नव्याने करावे लागतात, आणि ते पैसे कुणी भरायचे यावर तोवर गोड राहिलेला पत्रव्यवहार पहिल्यांदा आंबट होतो.