सातबारा कुठल्या मेनूत ठेवायचा? कार्ड सॉर्टिंग करून बघा

गोंदिया जिल्ह्याची सरकारी वेबसाइट gondia.gov.in मोबाईलवर उघडा. वर मेनू दिसतो, त्यात 'विभाग' हा एक पर्याय असतो. आता मला सांगा, सालेकसा किंवा देवरीच्या शेतकऱ्याला सातबारा महसूल खात्याचा आणि धान खरेदी वेगळ्या यंत्रणेची, हे कशाला माहीत असावं? त्याच्या डोक्यात दोन्ही एकच काम आहे: धान विकायचंय.

लोकांच्या डोक्यातली ही मांडणी बाहेर काढायची पद्धत म्हणजे कार्ड सॉर्टिंग. समजा, आपल्याला जिल्ह्यातल्या सेवांचं एक साधं पान बनवायचंय. जाड कागदाची तीसेक कार्डं कापा आणि प्रत्येकावर एकच गोष्ट लिहा: सातबारा उतारा, धान विक्रीची नोंदणी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, वनहक्क दावा, नागझिरा सफारी बुकिंग. कार्डं पिसून समोरच्याला द्या. 'जी एकत्र असावीत असं वाटतं त्यांचा गठ्ठा करा, मग गठ्ठ्याला नाव द्या', एवढंच सांगा. गठ्ठे किती, ते त्यांनी ठरवायचं. मध्ये बोलायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड जातं बरं का!

कार्डावरचे शब्द मात्र जपून निवडा. पाच कार्डांवर 'अर्ज' लिहिलंत तर लोक अर्थ न बघता तो शब्द बघून पाचही एकत्र ठेवतील. सगळे गठ्ठे एकसारख्या शब्दांचे दिसले, तर कार्डं बदला.

माणसं किती? याकोब नील्सन यांनी 2004 मध्ये 15 जण पुरेसे मानले. पण पंधराही जण कॉलेजचीच पोरं घेतलीत तर उत्तर त्यांचंच येईल. शेतकरी, विद्यार्थी, सेतू केंद्रात काम करणारे, असे मिसळून घ्या.

आता मोजणी. कुठली दोन कार्डं किती जणांनी एकत्र ठेवली, ते मोजायचं. समजा, सातबारा नऊ जणांनी धान नोंदणीसोबत ठेवला, चौघांनी दाखल्यांसोबत आणि दोघांनी वेगळाच. सरासरी काढून मोकळं होऊ नका, ते चौघं कोण आहेत ते बघा. चौघंही विद्यार्थी निघाले तर तो गोंधळ नाही, गरजच वेगळी आहे. मी सातबारा 'शेती'खाली ठेवेन आणि 'दाखले' या पानावरून त्याची लिंक देईन. गठ्ठ्यांना लोकांनी दिलेली नावंही टिपून घ्या. 'महसूल सेवा'पेक्षा 'जमिनीचे कागद' असं कुणी लिहिलं असेल, तर मेनूला तेच नाव द्या.

पण गठ्ठे जुळले म्हणजे वस्तू सापडेलच असं नाही. म्हणून तयार मेनू नुसत्या शब्दांत कागदावर लिहा, नव्या माणसांसमोर ठेवा आणि विचारा, 'धान विकायची नोंदणी कुठे शोधाल?' बोट पहिल्यांदा कुठे गेलं, ते लिहून ठेवा.