माल आणायला माणूस पाठवताय? ऑथॉरिटी लेटर असं लिहा

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बहुतेक दुकानदारांचा माल नागपूरहून येतो. तुमसर किंवा साकोलीहून इतवारीत जाऊन परत यायचं म्हणजे मालकाचा अख्खा दिवस जातो, म्हणून आपण दुकानातल्या पोराला पाठवतो. सप्लायर म्हणतो, "लेटर द्या." आपण दोन ओळी खरडतो, शिक्का मारतो, झालं. मीही तेच केलं होतं.

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मी लिहिलं होतं: "पत्र घेऊन येणारे आमचे प्रतिनिधी आहेत, त्यांना माल द्यावा." ना तारीख, ना बिल नंबर. पोराने दिवाळीत काम सोडलं. जानेवारीत सप्लायरचा हिशोब आला, त्यात वायरच्या बंडलांचे १८,४०० रुपये जास्त. मी तर मागवलेच नव्हते! ऑफिसात गेलो तर त्यांनी माझंच पत्र समोर ठेवलं. सही माझी, शिक्का माझा.

भांडून फायदा नव्हता, कारण कायदा त्यांच्या बाजूने होता. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ सांगतं की आपण माणसाचा अधिकार काढून घेतला, तरी समोरच्या पार्टीला ते कळेपर्यंत तिच्यासाठी तो अधिकार चालूच राहतो. पोरगा गेल्याचं मी सप्लायरला कळवलंच नव्हतं. पैसे भरले, आणि तेव्हापासून पत्र असं लिहितो:

> प्रति, व्यवस्थापक, (सप्लायरचं नाव व पत्ता)
> दिनांक : १२ जून
> विषय : माल ताब्यात घेण्यासाठी अधिकारपत्र
> महोदय,
> आपल्या बिल क्र. ११४७ मधील सीलिंग फॅन, २४ खोकी, तसेच मूळ बिल व वॉरंटी कार्डे ताब्यात घेऊन डिलिव्हरी चलानवर सही करण्यासाठी मी श्री. (पूर्ण नाव) यांना अधिकार देत आहे. त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडली आहे.
> हे पत्र फक्त याच बिलासाठी असून १४ जूनपर्यंत वैध आहे. उधारीवर नवीन माल घेणे, माल बदलणे किंवा रोख रक्कम स्वीकारणे याचा अधिकार त्यांना नाही.
> प्रतिनिधीची नमुना सही : ________
> वरील सही माझ्यासमोर केली आहे.
> मालकाची सही व शिक्का

यातली "अधिकार नाही" ही ओळ लोक हमखास गाळतात. पोरावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं ना! पण काउंटरवरचा माणूस म्हणतो, "भाऊ, सोबत दोन बंडल वायर पण घेऊन जा, खात्यात टाकतो." पत्रात स्पष्ट मनाई असेल तर पोरगाही सुटतो आणि आपणही.

नमुना सही कशासाठी? चलानवर तो जी सही करेल ती या सहीशी जुळवता यावी म्हणून. उद्या "हा माल नेला कोणी?" असा वाद झाला, तर हाच पुरावा. म्हणून सही आधी तुमच्यासमोर घ्या, मग खाली तुमची करा. ओळखपत्र म्हणून आधारची प्रत देत असाल तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: "फक्त बिल क्र. ११४७ चा माल घेण्यासाठी."

पत्राचा फोटो आदल्या दिवशी सप्लायरच्या नेहमीच्या नंबरवर पाठवून ठेवा, म्हणजे पत्रात कोणी खाडाखोड केली तर तिथेच पकडली जाते. माल दिल्यावर मूळ पत्र सप्लायरने ठेवून घ्यायचं, आणि झेरॉक्सवर त्यांची पोच आपल्याकडे आणायची. मूळ पत्र पोराच्या खिशात परत आलं, तर समजा काम अर्धवट झालंय. ते पत्र मागून घ्या आणि आडवी रेघ मारून फाइलला लावा.

पोराला एवढं मात्र समजावून सांगा: खोकी मोजल्याशिवाय सही नाही. २४ पैकी एक खोकं दबलेलं असेल तर चलानच्या दोन्ही प्रतींवर "१ खोके दबलेले" असं लिहून मगच सही करायची. काही न लिहिता सही केली, तर माल चांगल्या स्थितीत मिळाला असाच अर्थ निघतो आणि नंतर तक्रार करणं जड जातं.

अशा एका वेळच्या कामाला स्टॅम्प पेपर लागत नाही, दुकानाचं लेटरहेड पुरतं. मुखत्यारपत्र ही वेगळी भानगड आहे, त्याच्यात गल्लत करू नका. आणि रस्त्यात गाडी तपासली तर हे पत्र कामाचं नाही, तिथे मालाचं बिल आणि लागू असेल तर ई-वे बिलच दाखवावं लागतं.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी, तो जिथे जिथे जायचा त्या प्रत्येक सप्लायरला लेखी कळवा: "श्री. अमुक यांना दिलेले सर्व अधिकार आजपासून रद्द." मी ईमेल करतो, फोन करून मिळाला का विचारतो, आणि "मिळाला" असं उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून ठेवतो.